भाव वाढवला तर गल्ला वाढेल का? : प्रस्तावना

माझ्या घरापासून चार मिनिटांवर, पुण्याच्या नव्या पेठेत, एक खानावळ आहे. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं तिथे जेवतात. खानावळ चालवणाऱ्या मावशी रोज रात्री वहीत तीन गोष्टी लिहितात : तारीख, थाळ्या, गल्ला. एका वर्षी मेच्या एक तारखेला त्यांनी थाळीचा भाव ८० रुपयांवरून ९० केला. महिना संपल्यावर वही घेऊन त्या माझ्याकडे आल्या. एप्रिलमध्ये दिवसाला सरासरी १५० थाळ्या गेल्या होत्या, मेमध्ये १३२. म्हणजे रोजचा गल्ला १२,००० वरून ११,८८० वर आला होता. "सर, दहा रुपये वाढवून उलट एकशेवीस रुपये कमीच येतात. भाव परत खाली आणू का?"

हे पुस्तक त्या प्रश्नातून सुरू झालं. मी बरीच वर्षं बारावीच्या आणि पदवीच्या मुलांना मागणीची लवचिकता शिकवली आहे. व्याख्या सगळ्यांना पाठ असते. मागणीतला शेकडा बदल भागिले किमतीतला शेकडा बदल. उत्तर एकापेक्षा मोठं आलं तर मागणी लवचीक आणि भाव वाढवल्यास प्राप्ती घटते. एकापेक्षा लहान आलं तर मागणी अलवचीक आणि प्राप्ती वाढते. मावशींची वही समोर घेऊन मी हेच गणित केलं. थाळ्या १५० वरून १३२ म्हणजे १२ टक्के घट, भाव ८० वरून ९० म्हणजे १२.५ टक्के वाढ. भागाकार ०.९६. एकापेक्षा कमी, म्हणजे गल्ला वाढायला हवा होता. पण वहीत तो घटलेला होता. पाठ केलेल्या नियमाचं उत्तर आणि गल्ल्यातले पैसे यांचा मेळ बसत नव्हता. तो का बसला नाही हे नीट सांगता आलं, तर या विषयाचा बराचसा भाग समजला असं मी मानतो.

भाव एक रुपयाने वाढवला की गल्ल्यात दोन गोष्टी घडतात. जी गिऱ्हाइकं टिकतात ती प्रत्येकी एक रुपया जास्त देतात. जी जातात ती आपल्यासोबत थाळीची सगळी किंमत घेऊन जातात. मावशींच्या आकड्यांवरून दहा रुपयांना १८ थाळ्या कमी झाल्या, म्हणजे रुपयाला १.८. आता ८० रुपयांवर उभं राहून पाहा. १५० थाळ्यांवर एकेक रुपया, हे मिळाले १५०. गेलेल्या १.८ थाळ्यांचे प्रत्येकी ८०, हे गेले १४४. फरक अधिक सहा. तेच ९० रुपयांवर करून पाहा : १३२ मिळतात आणि १.८ गुणिले ९० म्हणजे १६२ जातात. फरक उणे तीस. ८० च्या जागी पुढचा रुपया थोडासा फायद्याचा आहे आणि ९० च्या जागी चांगलाच तोट्याचा. हा फरक म्हणजेच प्राप्तीचा अवकलज, ज्याला वर्गात सगळे डेरिव्हेटिव्ह म्हणतात. सूत्रात तो असा दिसतो, आणि इथे p म्हणजे भाव, Q म्हणजे विक्री, E म्हणजे लवचिकतेचा उणे चिन्ह सोडून घेतलेला आकडा :

R = p × Q
dR/dp = Q + p × dQ/dp = Q × (1 − E)

E हा एका जागेवरचा आकडा आहे आणि जागा बदलली की तोही बदलतो. सरळ रेषेतल्या मागणीत भाव जसा चढतो तशी लवचिकता वाढत जाते. मावशींच्या बाबतीत ८० वर ती ०.९६ होती आणि ९० वर १.२३. मधे ८१ रुपये ६७ पैशांवर ती बरोबर एक होते आणि गल्ल्याचा माथा तिथे येतो. पण तो माथा १२,००५ रुपयांचा आहे, म्हणजे ८० रुपयांच्या गल्ल्याहून फक्त पाच रुपयांनी उंच. नियम चुकला नव्हता. त्याने पुढच्या पावलाची दिशा सांगितली होती आणि आपण तिच्यावर दहा पावलांची उडी मारली. उडी माथा ओलांडून पलीकडे उतरली.

वर्गात आणखी एक घोळ हमखास होतो. अवकलज भावाच्या संदर्भात घ्यायचा की नगांच्या? दोन्ही घेता येतात आणि चिन्हं उलटी येतात. मागणी लवचीक असेल तर भाव वाढवल्यावर प्राप्ती घटते, पण नग वाढवल्यावर ती वाढते, कारण जास्त नग खपवायचे तर भाव उतरवावाच लागतो. पाठ्यपुस्तकातली सीमांत प्राप्ती ही नगांच्या संदर्भातली असते. ती धन आहे हे पाहून 'भाव वाढवा' असं लिहिणारे पेपर मी दरवर्षी तपासतो. या पुस्तकात सगळीकडे भावाच्या संदर्भातला अवकलज घेतला आहे, कारण दुकानदाराच्या हातात भावाची पाटी असते.

या विचाराचा इतिहास शेतमालापासून सुरू होतो. १६९९ मध्ये चार्ल्स डॅव्हनंटने इंग्लंडमधल्या धान्याविषयी एक कोष्टक छापलं. ते ग्रेगरी किंगच्या नावाने ओळखलं जातं. पीक एक दशांशाने कमी आलं तर भाव तीन दशांशांनी चढतो. पीक निम्मं आलं तर भाव पंचेचाळीस दशांशांनी, म्हणजे मूळ भावाच्या साडेपाचपट होतो. गुणाकार करून पाहिला तर पहिल्या बाबतीत सगळ्या पिकाची मिळून किंमत १७ टक्क्यांनी वाढलेली निघते. अन्नाची मागणी किती ताठ असते, हे यातून दिसतं. नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकाला हे कोष्टक समजावून सांगावं लागणार नाही. पण त्याला हेही ठाऊक असतं की लासलगावच्या लिलावात आपण एकट्याने भाव चढा सांगितला तर आपला ट्रॅक्टर तसाच उभा राहील. साऱ्या बाजारासमोरची मागणी ताठ असते आणि एका विक्रेत्यासमोरची अतिशय लवचीक. 'लवचिकता किती?' या प्रश्नाआधी 'कुणासमोरची?' हे विचारावं लागतं. गॅस सिलिंडर महागला आणि गल्लीतल्या सगळ्या खानावळींनी दहा रुपये वाढवले, तर मावशींच्या १८ थाळ्या जाणार नाहीत.

गणित खरं सुरू झालं ते १८३८ मध्ये, ऑग्युस्तँ कूर्नोच्या फ्रेंच पुस्तकात. मागणी हे भावाचं फल आहे असं त्याने सरळ लिहिलं, भावाने गुणलं, अवकलज शून्य धरला आणि प्राप्तीचा माथा काढला. त्याचं उदाहरण खनिज पाण्याच्या झऱ्याच्या मालकाचं होतं. झऱ्याला खर्च नाही, म्हणून त्या मालकासाठी प्राप्तीचा माथा हाच नफ्याचा माथा. मला त्याची दुसरी एक सूचना जास्त मोलाची वाटते. त्याने म्हटलं की व्यापाराच्या आकडेवारीत वस्तूंचे दोन गट पाडावेत : ज्यांचा चालू भाव माथ्याच्या अलीकडे आहे त्या, आणि ज्यांचा पलीकडे आहे त्या. माथा नेमका कुठे हे काढणं अवघड आहे. आपण त्याच्या कोणत्या बाजूला आहोत हे काढणं त्या मानाने सोपं, आणि निर्णयाला बहुतेक वेळा तेवढंच लागतं. त्याचं पुस्तक तेव्हा फारसं कुणी वाचलं नाही.

सहा वर्षांनी, १८४४ मध्ये, ज्यूल द्युपुई हा रस्ते-पूल खात्यातला अभियंता पुलाच्या टोलकडे वळला. टोल शून्य असेल तर उत्पन्न शून्य, आणि टोल इतका चढा असेल की कुणीच पूल ओलांडत नाही, तरी शून्य. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी माथा असणारच. पण त्याला पुढचं दिसलं. उत्पन्नाच्या माथ्यावरचा टोल आणि लोकांना पुलाचा सर्वांत जास्त उपयोग होईल असा टोल, हे दोन वेगळे आकडे आहेत. टोलनाक्यावरून आजही होणाऱ्या वादांच्या मुळाशी हाच फरक असतो.

'लवचिकता' हे नाव आणि टक्क्यांचं माप आल्फ्रेड मार्शलचं. १८८१ च्या सुमारास पालेर्मोतल्या एका हॉटेलच्या गच्चीवर बसून त्याला ही कल्पना सुचली, अशी आठवण त्याच्या पत्नीने सांगितली आहे. १८९० च्या त्याच्या ग्रंथातून ती सगळीकडे गेली. टक्क्यांचा फायदा असा की किलो, डझन, रुपये, पौंड सगळे गळून पडतात आणि चहाची तुलना रेल्वेच्या तिकिटाशी करता येते. तोटा वर दिसलाच : टक्का कशावर काढायचा, जुन्या आकड्यावर की नव्या, हा प्रश्न उडी मोठी असली की निकाल फिरवतो. त्यावर पुढच्या पिढीने दोन्हींची सरासरी पायाला धरायचा उपाय काढला. मावशींच्या आकड्यांना तो लावला तर लवचिकता १.०९ येते, एकापेक्षा जास्त, आणि वहीशी जुळते. १९३३ मध्ये जोन रॉबिन्सनच्या ग्रंथाने सीमांत प्राप्ती आणि लवचिकता यांचा संबंध मक्तेदारीच्या सगळ्या विवेचनाच्या मध्यभागी आणून ठेवला, आणि आज आपण शिकवतो ती मांडणी बरीचशी तिथून आलेली आहे.

पण मला या इतिहासात सर्वांत जास्त शिकवलं ते एका प्रयोगाने, आणि तो अर्थशास्त्रज्ञाने केलेला नव्हता. ब्रिटनमध्ये १८४० पूर्वी पत्राला अंतराप्रमाणे आणि कागदांच्या संख्येप्रमाणे दर पडे. सरासरी दर सहा पेन्सच्या वर होता. रोलंड हिलने १८३७ मध्ये सुचवलं की देशात कुठेही जाणाऱ्या अर्ध्या औंसाच्या पत्राला एकच पेनी घ्या. दर इतका उतरला की पत्रं कैक पटींनी वाढतील आणि महसुलाची भरपाई होईल, असा त्याचा भरवसा होता. १० जानेवारी १८४० ला पेनीचा दर सुरू झाला. आदल्या वर्षी सुमारे ७.६ कोटी पत्रं गेली होती, त्या वर्षी सुमारे १६.९ कोटी गेली. एका वर्षात दुपटीहून जास्त! पण टपालाचं ढोबळ उत्पन्न सुमारे २३.९ लाख पौंडांवरून १३.६ लाखांवर कोसळलं.

इथे मावशींच्या खानावळीतलाच सापळा मोठ्या आकारात दिसतो. जुन्या आकड्यांवर टक्के काढले तर दर सहावरून एक, म्हणजे ८३ टक्के घट, आणि पत्रांत १२२ टक्के वाढ. भागाकार जवळजवळ दीड. मागणी लवचीक, म्हणून दर उतरवल्याने उत्पन्न वाढायला हवं! सरासरीचा पाया धरला तर उत्तर ०.५३ च्या आसपास येतं आणि उत्पन्न का पडलं ते कळतं. दर एक षष्ठांश केल्यावर उत्पन्न टिकवायचं तर पत्रं सहापट व्हावी लागतात, दुप्पट पुरत नाहीत. मोठ्या उडीच्या वेळी आधी हा साधा भागाकार करावा, लवचिकतेचा आकडा नंतर.

पण गोष्ट १८४० ला संपत नाही. पत्रं लिहिण्याची सवय लागायला वर्षं गेली, रेल्वे पसरली, लिहितावाचता येणारे वाढले, आणि १८३९ चं ढोबळ उत्पन्न पुन्हा गाठायला १८५० चं दशक उजाडलं. हे श्रेय केवळ उतरलेल्या दराचं नाही, कारण मागणीची रेषाच या काळात उजवीकडे सरकत होती. मुदत लांबली की लवचिकता वाढते हे खरं, पण मुदत लांबली की बाकीच्या गोष्टीही जागेवर राहत नाहीत, त्यामुळे ती मोजणं अधिक कठीण होतं. त्या दशकातच, १८५४ मध्ये, डलहौसीच्या कारकिर्दीत हिंदुस्थानातही अंतर न पाहता अर्ध्या आण्याचा एकच दर आला, आणि मुंबईहून रत्नागिरीला जाणारं पत्र व कलकत्त्याला जाणारं पत्र एका भावाचं झालं.

या 'बाकीच्या गोष्टी' हाच विषयाचा आजचा प्रवाह. १९१४ मध्ये अमेरिकेत हेन्री मूरने कच्च्या लोखंडाच्या भावांची आणि विक्रीची आकडेवारी मांडली आणि त्याला मागणीची रेषा चढती मिळाली, म्हणजे भाव वाढला की खप वाढतो! फिलिप राइटने दाखवून दिलं की मूरने मोजली ती मागणी नव्हतीच. तेजीच्या काळात मागणी वर सरकते, तिच्यामागे भाव आणि खप दोन्ही चढतात, आणि ते बिंदू जोडले की पुरवठ्याची रेषा मिळते. मागणी मोजायची तर भाव अशा कारणाने हलायला हवा ज्याचा गिऱ्हाइकाच्या इच्छेशी संबंध नाही. १९२८ मध्ये राइटच्या प्राणिज आणि वनस्पती तेलांवरील जकातीच्या पुस्तकाला जोडलेल्या एका परिशिष्टात त्यावरचा उपायही आला. आज विमान कंपन्या आणि ॲपवाले त्याच अडचणीतून वाट काढायला काही गिऱ्हाइकांना सहेतुक वेगळा भाव दाखवतात. खानावळीला तसं करता येत नाही. शेजारी बसलेल्या दोन मुलांना दोन भाव लावता येत नाहीत.

म्हणून मी मावशींना गेल्या वर्षीची वही आणायला सांगितली. त्या वर्षी भाव एप्रिल-मे दोन्ही महिन्यांत ८० च होता. एप्रिलची सरासरी १४८, मेची १४२. उन्हाळ्यात काही मुलं गावी जातात, म्हणजे भाव न बदलताही सहा थाळ्या जातच होत्या. यंदाच्या अठरातल्या सहा उन्हाळ्याच्या, भावाच्या फक्त बारा. सगळं गणित उलटलं. रुपयाला १.८ ऐवजी १.२ थाळ्या. ८० वर लवचिकता ०.९६ नव्हती, ०.६४ होती. ८० वर पुढच्या रुपयाने सहा नव्हे, ५४ रुपये मिळत होते, आणि ९० वरही पुढचा रुपया तोट्याचा नव्हता. एरवीच्या महिन्यात ९० च्या भावाने १३८ थाळ्या गेल्या असत्या आणि गल्ला १२,४२० झाला असता. मेमध्ये गल्ला पडला तो उन्हाळ्यामुळे, भाववाढीने उलट त्याला सावरलं होतं. सूत्र तेच राहिलं, त्यात घातलेली एक संख्या बदलली.

अजून एक गोष्ट मी त्यांना तेव्हाच सांगायला हवी होती. त्या गल्ला मोजत होत्या, पण घरी नेत होत्या ती शिल्लक. एका थाळीचा भाजी-पीठ-तेल-गॅस असा वाढता खर्च त्यांच्या हिशोबाने ५० रुपये होता. ८० च्या भावाने १५० थाळ्यांवर हातात राहायचे ४,५००. ९० च्या भावाने, अगदी उन्हाळ्यातल्या १३२ थाळ्या धरल्या तरी, ५,२८०. म्हणजे गल्ला १२० रुपयांनी घटलेला असतानाही शिल्लक ७८० रुपयांनी वाढली होती. कूर्नोच्या झऱ्यावर या दोन गोष्टी एकच होत्या, कारण झऱ्याला खर्च नव्हता. ज्याला प्रत्येक नगामागे खर्च आहे त्याला नफ्याचा माथा नेहमी गल्ल्याच्या माथ्याच्या पलीकडे, चढ्या भावावर सापडतो. प्राप्तीचा अवकलज धन असेल तर भाव वाढवण्यात नफा आहेच. तो ऋण असेल तर एवढ्यावरून काही ठरत नाही, पुढे खर्च पाहावा लागतो.

मग भाव १०० करायचा का? सरळ रेषा पुढे ओढली तर गल्ल्याचा माथा १०२ रुपये ५० पैशांवर येतो. पण ती रेषा दोन बिंदूंवरून काढलेली आहे आणि ९० च्या पुढे आपण काहीच पाहिलेलं नाही. १०० ला पलीकडच्या चौकातली खानावळ स्वस्त वाटू लागते. शिवाय मावशींची निम्मी मुलं महिन्याचं कार्ड घेणारी. त्यांनी मेचं कार्ड एप्रिलमध्येच घेतलं होतं, त्यामुळे त्यांचा निर्णय जूनशिवाय दिसणार नव्हता. मेमधली ०.६४ ही लवचिकता त्या अर्थाने कमी पडलेली होती. भाव ९० वर ठेवून जून-जुलै मोजायचं, एवढंच आम्ही ठरवलं.

या पुस्तकात मी असेच थोडे हिशोब सावकाश केले आहेत. बारावीपर्यंतचं गणित पुरेल. पहिल्या भागात मागणी सरळ रेषेची धरली आहे, कारण तिथे माथा डोळ्यांना दिसतो. दुसऱ्यात सगळीकडे सारखीच लवचिकता असलेली मागणी घेतली आहे, जिथे गल्ल्याला माथाच नसतो आणि सूत्र आंधळेपणाने वापरणारा फसतो. तिसरा भाग मोजणीचा आहे आणि तो मुद्दाम सर्वांत मोठा ठेवला आहे : हंगाम कसा वजा करायचा, शेजारच्या दुकानाने भाव बदलला तर काय, किती आठवडे थांबायचं. करांचा विषय, जिथे सरकार अलवचीक वस्तू शोधत असतं, मी फक्त स्पर्शून सोडला आहे. त्याला न्यायाचा प्रश्न जोडलेला आहे आणि तो अशा पुस्तकात उरकण्यासारखा नाही.

मावशींच्या वहीत त्या जूनपासून चौथा रकाना आला : कार्ड बंद केलं त्याचं नाव आणि कारण. पहिल्या महिन्यात तिथे नऊ नावं होती. पाच जणांपुढे 'गावी', एकापुढे 'पोस्टिंग मिळालं', आणि तिघांपुढे 'भाव'.